सारांशात मानस ठेवायची की काढायची?

दहावीच्या वर्गात सारांशलेखन घेतलं. उतारा मीच गोव्यातल्या खाजन शेतीवर तयार केला होता, साधारण १२० शब्दांचा, म्हणजे उत्तर एक तृतीयांश, चाळीसच्या आसपास हवं. त्यात होतं काय, तर नदीकाठची खारी जमीन बांध घालून लागवडीखाली आणली, बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी दारांची चौकट, बसवली, भरतीला तिची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं, शेतात कोरगुट भात, मानशीपाशी शेवटे, काळुंद्रं, सुंगटां असे मासे, आणि हल्ली डागडुजी होत नाही म्हणून खारं पाणी शिरून शेतं पडीक होतात.

पहिल्या वाचनाला मी पेन खाली ठेवायला लावते. मग उतारा झाकून एकच वाक्य लिहायचं, लेखक कशाबद्दल बोलतोय आणि त्याबद्दल काय म्हणतोय. अर्धा वर्ग 'हा उतारा खाजन शेतीविषयी आहे' इथेच थांबतो. अरे, हा विषय झाला, मुद्दा कुठाय? बांध आणि मानस सांभाळली तरच खाजन टिकतं, हा मुद्दा. तो हाताशी आला की काटछाट सोपी. एकेक वाक्य बोटाने झाकायचं, त्याच्याशिवाय मुद्दा उभा राहतो का बघायचं, राहिला तर वाक्य गेलं. नावांच्या यादीला एक शब्द, तिन्ही मासे मिळून 'मासळी'.

एका मुलाच्या घरी मानशीवर मासे धरायचा लिलाव घेतात. त्याचा सारांश नव्वद शब्दांचा, त्यात लिलाव, रात्री जाळं लावणं, सगळं, उताऱ्यात नसलेलं! ते आधी छाटलं. मग मानशीच्या दारांवर अडलो. गाइडं सरसकट सांगतात की यंत्रणेचं वर्णन म्हणजे तपशील, काढा. मुलगा म्हणाला, "टीचर, दारं मिटतात म्हणून तर शेत वाचतं, ते काढलं तर पुढे बिघडलं काय ते कळणार कसं?"

बरोबर होतं त्याचं. ज्या तपशिलाला पुढचं 'म्हणून' टेकलेलं असतं तो ठेवायचा. दाराची हालचाल राहिली, 'पाण्याच्या दाबाने' गेलं. शेवटी त्याने लिहिलं ते ३८ शब्दांत बसलं:

'खाऱ्या पाण्याला बांध घालून गोव्यात खाजन शेती उभी राहिली. भरतीला मानशीची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात, म्हणून खारे पाणी शेतात शिरत नाही आणि भात, मासळी दोन्ही मिळतात. मात्र बांधांची डागडुजी थांबल्याने खारे पाणी शेतांत घुसून ती पडीक होत आहेत.'

स्टाफरूममध्ये दाखवलं तर एक सहकारी म्हणाले, मॉडेल उत्तरात दारं नसती आली, मी अर्धा मार्क कापला असता. हे असं मुद्दे मोजत पेपर तपासणं मला कधीच पटलं नाही, मी पूर्ण मार्क दिले. पण बोर्डाचा पेपर मी तपासणार नाही, तेव्हा त्या मुलाला परीक्षेत काय लिहायला सांगू हे अजून ठरत नाहीये.