चीज पुल आणि काळे ठिपके एकाच फ्रेममध्ये: पिझ्झा शूटची अपडेट

मंडळी, मागे म्हणालो होतो ना की मित्राच्या पिझ्झेरियाची जाहिरात करून देतोय, पंधरा सेकंदांची, त्यातला मेन शॉट म्हणजे स्लाइस उचलला की चीज ताणलं जातंय, त्यातून वाफ येतेय आणि मागे कडेवर मस्त काळे ठिपके दिसतायत. हा शॉट आता जमलाय. कसा जमला ते सविस्तर लिहितो, कारण घरी रील करणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं.

मुळात ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत. कडेवर काळे ठिपके हवेत तर ओव्हनमधला दगड चारशे डिग्रीच्या पुढे तापलेला पाहिजे आणि पिझ्झा दीड मिनिटात बाहेर. नेपल्सवाले तर ४३० ते ४८० डिग्रीला ६० ते ९० सेकंदात काढतात. पण त्यांच्या पिझ्झ्यावर ताजं, पाणीदार मोझरेला असतं, त्याची मऊ पांढरी डबकी होतात, चवीला सुंदर, पण जाहिरातीतल्यासारखी हातभर तार त्याला येत नाही. तार येते ती लो मॉइश्चर मोझरेलाला, म्हणजे आपल्याकडे ब्लॉकमध्ये मिळतं ते. ते चारशे डिग्रीला टाकलं की वरून सुकतं, तपकिरी फोड येतात, तूप सुटतं आणि उचलायला जावं तर तार येण्याआधीच अख्खी पापडी सुटून येते. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

आधी चीजचं बोलू. मोझरेलात केसिन प्रोटीनचं जाळं असतं आणि ते कॅल्शियमने एकमेकांना धरून असतं. गरम झालं की ही पकड सैल होते पण पूर्ण सुटत नाही, त्यामुळे ओढल्यावर जाळं तुटायच्या ऐवजी लांबतं, हीच आपली तार. कॅल्शियम जास्त गेलं तरी खेळ खलास. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात, ते केसिनकडचं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून ते छान गुळगुळीत वितळतं, सॉससारखं वाहतं, पण तार आखूडच. त्यामुळे मोझरेलात अर्धं प्रोसेस्ड मिसळून टेस्ट भारी लागते वगैरे ठीक आहे, शूटला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे चीजचं वय. अगदी नवा ब्लॉक रबरासारखा असतो, नीट वितळतच नाही, तार निघाली तरी जाड आणि फाटकी. दोनतीन आठवडे फ्रिजमध्ये राहिला की प्रोटीन थोडं तुटतं आणि सुरेख वाहायला लागतो. फार जुना झाला तर मात्र पातळ रस्सा होतो आणि वर तेलाचे थेंब तरंगतात. पॅकेटवरची तारीख बघून घ्या आणि शूटच्या आदल्या दिवशी एक छोटा तुकडा तव्यावर वितळवून काटा चमच्याने ओढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, पण दुसऱ्या दिवशीचा पूर्ण मनस्ताप वाचतो. आणि किसलेलं पाकीट घेऊ नका, किसाला चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च नाहीतर सेल्युलोज लावलेलं असतं, ते वितळताना मध्ये येतं आणि चीज एकजीव होत नाही. ब्लॉक आणा, जाड किसा, आणि किसून झाल्यावर परत फ्रिजमध्ये ठेवा, ओव्हनमध्ये जाईपर्यंत थंडगार राहिलं पाहिजे.

आता तापमान. आपल्या पाकाला एकतारीचा क्षण असतो ना, अलीकडे पाणी, पलीकडे साखर, तसंच हे. ओव्हनमधून बाहेर आल्या आल्या चीज उकळत असतं, तेव्हा उचललं तर ते सांडतं, तार इतकी बारीक होते की कॅमेऱ्यात दिसेपर्यंत तुटलेली असते. इन्फ्रारेड गनवर वरचा थर साधारण ६५ ते ७० डिग्रीला आला की जाड, चमकदार, कमरेतून वाकणारी तार येते. पन्नासच्या खाली गेलं की चमक जाते, चीज मॅट दिसतं आणि ओढलं की रबरासारखं परत मागे येतं. पातळ बेसवर ही खिडकी अक्षरशः मिनिटभराचीच, एसी चालू असेल तर त्याहूनही कमी. मी गनकडे बघत बसलो होतो तर ओव्हनवरचा पोरगा म्हणाला, "काका, बुडबुडे बसले की ओढा, आकडा कशाला बघताय?" आणि खरंच, वरचे बुडबुडे बसून चीज आरशासारखं दिसायला लागतं तोच तो क्षण. आता गन फक्त दगडाला.

मग दोन विरोधी गोष्टी एकत्र कशा आणल्या? दोन टप्प्यांत. मित्राच्या मेन्यूतल्या बारा इंची पिझ्झ्यावर १५० ग्रॅम चीज पडतं. आम्ही तेवढंच घेतलं, फक्त वाटणी बदलली. १०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात पसरलं, ५० बाजूला ठेवलं. सॉस ६० ग्रॅमच, आणि जिथे स्लाइस कापणार त्या दोन रेषांवर दोनदोन सेंटिमीटर सॉस लावलाच नाही, कारण सॉस म्हणजे घसरगुंडी, त्याच्यावरचं चीज बेसला धरत नाही आणि अख्खी चादर निघून येते. तार यायची तर चीजचं एक टोक स्लाइसला घट्ट पाहिजे आणि दुसरं मागच्या पिझ्झ्याला.

पहिला टप्पा ४२० डिग्रीच्या दगडावर, दीड मिनिट, मध्ये दोनदा फिरवून. इथे कडेचं सगळं काम संपवायचं, चीज थोडं कमी वितळलं तरी चालतं. बाहेर काढून लगेच स्लाइस पूर्ण आरपार कापला, म्हणजे खालचा बेस अजिबात जोडलेला राहता कामा नये, नाहीतर उचलताना सगळा पिझ्झाच वर येतो. मग कापलेल्या रेषांमध्ये आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना उरलेलं ५० ग्रॅम थंड चीज भरलं आणि ज्योत कमी करून पिझ्झा ओव्हनच्या तोंडाशी अर्धा मिनिट ठेवला. चीज कापाच्या दोन्ही बाजूंना सांधलं जातं आणि कड आणखी करपत नाही. वरून बघितलं तर कापलेलं कळतच नाही. बाहेर आल्यावर बुडबुडे बसेपर्यंत थांबायचं आणि उचलायचं.

उचलणं ही पण एक कलाच आहे. स्लाइसच्या खाली पातळ उलथनं, आधी सरळ वर चार बोटं, मग तिरकं आपल्याकडे, आणि वेग एकसारखा. झटका दिला तर चीजला ताणायला वेळच मिळत नाही, फाटतं. फार हळू केलं तर बारीक तारा हवेतच गार होऊन कडक होतात. तार तुटली तर तिचं टोक बघा. टोक बारीक होत होत गेलं असेल तर चीज जास्त गरम होतं, टोक फाटलेल्या कापडासारखं असेल तर गार झालंय नाहीतर ब्लॉक फार नवा आहे. दुसरा टेक त्याच पिझ्झ्यावर घ्यायचा तर हीट गन लांबून सांध्यावर फिरवून होतो, पण एकदाच, नंतर तूप सुटायला लागतं.

कडेच्या ठिपक्यांबद्दल. हे पीठ जाळून येत नाहीत, पिठावरच्या बारीक फुग्यांची कातडी अगदी पातळ असते, ती बाकी पिठाच्या आधी तापते आणि काळी पडते, आजूबाजूचं फिकट राहतं. असे फुगे यायला पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस मुरलं पाहिजे, तेवढ्या वेळात साखरही मोकळी होते आणि रंग पटकन येतो. आमचं पीठ ६२ टक्के पाण्याचं, २५० ग्रॅमचा गोळा, ४८ तास फ्रिजमध्ये. कड सगळीकडे सारखी चॉकलेटी झाली तर समजायचं दगड थंड होता आणि पिझ्झा नुसता वाळत बसला. आणि खालून काळी पूड लागत असेल तर ते आपले ठिपके नाहीत, तो दगडावर जळलेला मैदा आहे, कडू लागतो, दोन पिझ्झ्यांच्या मध्ये दगड ब्रशने झाडून घ्या.

लाइट एकच, मागून, थोडा वरून. तारेतून उजेड आरपार गेला की ती सोनेरी दिसते, समोरून लाइट मारला तर तीच तार पांढऱ्या दोरीसारखी दिसते. वाफ पण मागच्या उजेडातच दिसते आणि मागे काळं कापड असेल तरच. प्रॉब्लेम असा की मागून उजेड आला की आपले मेहनतीचे ठिपके नुसते काळे खड्डे वाटतात, त्यांचा खरखरीतपणा जातो. त्याला पुढच्या बाजूला टेबलाच्या उंचीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, झालं काम. पंखा बंद, एसी चालू. वाफेसाठी बाहेरून काही लावावं लागलं नाही, थंड चीज सांध्यात टाकून परत गरम केल्यामुळे उचलताना तिथूनच वाफ निघते.

स्लो मोशनसाठी एक सांगतो, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १२० फ्रेमवर शूट केलं तर व्हिडिओभर उजेडाची लाट फिरते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये PAL निवडून सेकंदाला १०० फ्रेम घ्या, किंवा हॉटेलातले सगळे दिवे बंद करून फक्त आपला चांगला लाइट ठेवा. आम्ही दोन्ही केलं.

मित्राचं म्हणणं होतं की चीज दुप्पट टाकू, कोण बघतंय. मी नको म्हणालो. अमेरिकेत कॅम्पबेलच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्यात तळाला काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, ते प्रकरण १९७० मध्ये त्यांच्या ट्रेड कमिशनपर्यंत गेलं होतं. आणि ते सोडा, गिऱ्हाईक फोटो दाखवून विचारणारच ना की हे कुठंय. पांढरा गोंद मिसळायची युक्ती पण बरेच जण सांगतात. आम्ही शूटनंतर सगळे पिझ्झे खाल्ले, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

आता आवाज राहिलाय. कड मोडतानाचा कुरकुर आवाज वेगळा रेकॉर्ड करायचाय, आणि त्यासाठी पिझ्झा ओव्हनमधून काढून जाळीवर ठेवायला लागेल, लाकडी पाटावर ठेवला की खालून वाफ धरते आणि कड मऊ पडते. फ्रिज आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद करता येतील अशी वेळ फक्त दुपारी चारची आहे, तर पुढच्या आठवड्यात बघू.