फ्लॅट फी की टक्केवारी: कॉन्ट्रॅक्ट नोट काढून केलेला हिशोब

ब्रोकर बदलायचा की आहे तिथेच राहायचं, हे ठरवायला मी आधीच्या बारा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे शेअर व्यवहारांचा हिशोब देणारे ब्रोकरचे कागद, काढले. समोर दोन प्लॅन होते. एकात डिलिव्हरीच्या, म्हणजे डीमॅटमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या शेअरच्या, व्यवहाराला ब्रोकरेज ‘तीस पैसे’, म्हणजे शंभर रुपयांच्या व्यवहारामागे तीस पैसे, 0.30 टक्के. दुसऱ्यात कितीही रकमेची ऑर्डर असो, सरसकट 20 रुपये.

एसटीटी हा शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, स्टॅम्प ड्यूटी, एक्सचेंजचे चार्जेस आधी बाजूला काढले. डिलिव्हरीत एसटीटी खरेदीवर 0.1 आणि विक्रीवरही 0.1 टक्के लागतो, ब्रोकर कोणताही असो. तो दोन्हीकडे सारखाच, मग तुलनेत कशाला धरायचा? ब्रोकरेजवरचा 18 टक्के जीएसटी मात्र धरावा लागतो, कारण ब्रोकरेज बदललं की तोही बदलतो.

मग 20 भागिले 0.003 केलं. उत्तर आलं 6,667 रुपये. ऑर्डर याहून लहान असेल तर टक्केवारी स्वस्त, मोठी असेल तर फ्लॅट. पन्नास पैशांचा प्लॅन असता तर हीच सीमा 4,000 वर आली असती. ‘मी फार ट्रेड करत नाही, म्हणजे टक्केवारीच बरी’ असं सगळे म्हणतात, पण या भागाकारात वर्षाला किती ट्रेड होतात याचा संबंधच येत नाही. बघायची ती सरासरी ऑर्डर. वारंवारतेचा परिणाम होतो तो आडून: ठरलेली रक्कम जितक्या वेळा तोडाल, तितकी प्रत्येक ऑर्डर लहान होते.

माझं वर्ष असं होतं. दर महिन्याला तीन शेअर, प्रत्येकी साधारण 5,000 रुपयांचे, म्हणजे 36 ऑर्डर आणि 1,80,000 रुपयांची खरेदी. शिवाय 60,000 ची एक विक्री. फ्लॅटमध्ये 37 ऑर्डरचे 740 रुपये. टक्केवारीत खरेदीचे 540 आणि विक्रीचे 180, मिळून 720. जीएसटी धरून 873.20 विरुद्ध 849.60. वर्षाला साडेतेवीस रुपयांचा फरक. एवढ्यासाठी डीमॅट हलवायचं कोणी सांगितलंय!

पण टॅरिफ शीटच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: प्रत्येक ऑर्डरला किमान ब्रोकरेज 25 रुपये. पाच हजारांवर तीस पैशांनी 15 रुपये होतात, घेतले जाणार 25. म्हणजे 36 ऑर्डरचे 540 नाही, 900. विक्रीचे 180 मिळवले की 1,080, जीएसटीसह 1,274.40. कागदावर स्वस्त दिसणारा प्लॅन चारशे रुपयांनी महाग निघाला. म्हणून दर वाचताना आकड्यापुढचा शब्द बघावा. ‘यांपैकी जे कमी’ असेल तर ती कमाल मर्यादा, ग्राहकाच्या फायद्याची. ‘जे जास्त’ असेल तर तो किमान आकार.

किमान आकार कधी प्रति शेअरही असतो. 12 रुपयांचे 400 शेअर घेतले तर रक्कम 4,800, तीस पैशांनी ब्रोकरेज 14.40. ‘प्रति शेअर किमान 5 पैसे’ अशी अट असेल तर तेच 20 रुपये होतं. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये ब्रोकरेज प्रति युनिट असा रकाना असतो. त्यातल्या आकड्याला शेअरच्या भावाने भागलं की खरा दर हाती येतो. इथे 0.05 भागिले 12, म्हणजे जवळपास 0.42 टक्के.

तीच नोट फ्लॅट प्लॅनसाठीही बघावी. 40 शेअरची ऑर्डर 22, 10 आणि 8 अशी तीन तुकड्यांत भरली, तर ट्रेड नंबर तीन दिसतात, ऑर्डर नंबर एकच. फी प्रति ऑर्डर असेल तर 20 एकदाच लागायला हवेत. मात्र 22 आज भरले आणि उरलेल्या 18 साठी उद्या पुन्हा ऑर्डर टाकली, तर आणखी 20. टक्केवारीत, किमान आकार नसेल तर, या तुकड्यांनी काही बिघडत नाही.

शेवटी मी ऑर्डरची लयच बदलून पाहिली. तेच तीन शेअर, तेच 1,80,000, पण तिमाहीला एकदा: 15,000 च्या 12 ऑर्डर. टक्केवारीत ब्रोकरेज 720 च राहतं. फ्लॅटमध्ये विक्री धरून 260, जीएसटीसह 306.80. मी फ्लॅट घेतला आणि खरेदी तिमाहीवर नेली. किंमत एवढीच की पैसे दोन महिने बचत खात्यात पडून राहतात. चढत्या बाजारात ते ब्रोकरेजपेक्षा महाग पडू शकतं.

आगाऊ वर्गणीचा प्लॅनही पुढे केला गेला: वर्षाला 1,000 भरा, दर दहा पैसे. वीस पैशांच्या बचतीत हजार वसूल व्हायला 5 लाखांची उलाढाल लागते. माझी 2,40,000. तो तिथेच सोडला.

डीमॅटमधून शेअर बाहेर जाताना लागणारा डीपी चार्ज कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसत नाही, लेजरमध्ये वेगळा पडतो. तो विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे एकदा लागतो, शेअर पाच असोत की पाचशे. त्यामुळे एकच शेअर तीन दिवस थोडा थोडा विकला, तर तो तीनदा जातो.