रेटिनॉलची आता तिसरी रात्र

आजपासून रेटिनॉल आठवड्यातून तीनदा. आतापर्यंत सोमवार आणि गुरुवार होते, आता सोमवार, बुधवार, शुक्रवार. महिनाभर दोनच रात्री लावलं म्हणून मैत्रीण हसली. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा स्वभावच असा आहे, की जिथे आग होते, सालं निघतात, तिथे काळपट डाग उरतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. मी हे सुरू केलं तेच मुळी गालावरच्या जुन्या डागांसाठी. घाई करून नवे कशाला पाडून घेऊ?

म्हणूनच एक टक्क्याचं सीरम दुकानातच ठेवलं आणि 0.2 टक्क्याचं क्रीम आणलं. माझी त्वचा कोरडी, तिला क्रीमचा स्निग्धपणा मानवतो. चेहरा तेलकट असता तर हलकं सीरम घेतलं असतं. ट्यूब ॲल्युमिनियमची, बारीक तोंडाची आहे. उजेड आणि हवा लागली की रेटिनॉलचा जोर जातो, त्यामुळे पारदर्शक बाटलीतलं कितीही स्वस्त असलं तरी नको.

रात्री तोंड धुऊन चेहरा पूर्ण कोरडा होऊ देते, कारण ओलसर त्वचेवर ते जास्त झोंबतं. मग साधं मॉइश्चरायझर, त्यावर सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडून. त्या रात्री सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिडचं काही लावत नाही.

दुसऱ्या आठवड्यात हनुवटी खरखरीत झाली, बारीक सालं निघाली. एवढं चालतं. नेहमीच्या जागी दोन-चार पुटकुळ्या आल्या तरी थांबायचं कारण नाही. माझी खूण वेगळी आहे: ज्या दिवशी रोजचं साधं मॉइश्चरायझरही चुरचुरेल, त्या दिवशी रेटिनॉल बंद. चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत फक्त मॉइश्चरायझर, आणि नंतर पुन्हा कमी रात्रींपासून सुरुवात. अजून ती वेळ आली नाही, म्हणून तर तिसरी रात्र वाढवली. असंच राहिलं तर दोन-तीन आठवड्यांनी एक दिवसाआड. डागांत फरक पडायला तीनेक महिने लागतात, तोवर आरशात निरखून काही हाती लागणार नाही. सकाळी एसपीएफ 50 सनस्क्रीन मात्र ढगाळ दिवशीही चुकवत नाही, नाहीतर ऊन तेच डाग पुन्हा गडद करतं.

वहिनीलाही हवं होतं. पण ती दुसऱ्या बाळाचा विचार करतेय, आणि गरोदरपणात किंवा त्याच्या तयारीत रेटिनॉल वापरत नाहीत. तिला स्पष्ट नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी ओठांवरचं वॅक्स आहे. रेटिनॉल चालू असताना त्वचा नाजूक होते, वॅक्सबरोबर सोलून निघू शकते. म्हणजे येत्या मंगळवारपासून वॅक्स होईपर्यंत ट्यूब कपाटातच. पार्लरवालीलाही आधी सांगून ठेवायला हवं.