शेळीचं दावं १२ मीटरचं केल्यावर

शेडला बांधलेली शेळी किती चौरस मीटर गवत चरू शकते, हा आपला प्रश्न; मागे दावं ८ मीटरचं होतं, आता १२ मीटरचं. शेड तेच ठेवलंय, ६ बाय ४ मीटरचं, आणि दावं बाहेरून एका कोपऱ्याला. आमच्या सोलापूरकडे पत्र्याच्या शेडला बांधलेली उस्मानाबादी शेळी कुठेही दिसते, म्हणून आकृतीतही तीच धरलीय.

८ मीटरच्या दाव्याचा हिशेब मागे झाला होता. मोकळ्या बाजूला पाऊण वर्तुळ ४८π. लांब भिंत ओलांडल्यावर २ मीटर उरतात, त्याचं पाव वर्तुळ π. आखूड भिंतीपलीकडे ४ मीटर उरतात, त्याचं ४π. एकूण ५३π, म्हणजे साधारण १६६.५ चौ.मी.

हाच हिशेब १२ मीटरला लावला तर १०८π + ९π + १६π = १३३π, म्हणजे ४१७.८ येतं. पण ही आकृती मामांना दाखवली, तर शेडच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "अगं, हितं तर शेळी दोन्हीकडनं पोचतीय की!" अगदी बरोबर. दावं ६ + ४ = १० मीटरच्या पुढे गेलं की दोन्ही पाव वर्तुळं समोरच्या कोपऱ्यामागे एकमेकांवर चढतात, आणि तिथलं गवत दोनदा मोजलं जातं.

आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटरला १ मीटर धरून टाचणी आणि दोऱ्याने काढून बघा. भिंतीच्या कोपऱ्याला दोरा अडतो तिथे त्रिज्या एकदम १२ वरून ६ होते, तरी पेन्सिलची रेघ कुठे मोडत नाही. टोक येतं ते फक्त मागे, दोन्ही कंस भेटतात तिथे. दावं बांधलेला कोपरा (०, ०) आणि लांब भिंत x-अक्षावर धरली तर त्या बिंदूसाठी 13y² − 24y − 288 = 0, त्यातून y = ५.७२ आणि x = ७.८१. त्या x वर उभी रेघ मारून दुहेरी भागाचे दोन तुकडे केले: ३.४६ आणि ०.२१. एकूण ३.६७ चौ.मी. वजा केल्यावर खरं उत्तर सुमारे ४१४.२.

इथे आणखी एक मोह होतो. मागच्या कोपऱ्याला वळसा घातल्यावरही २ मीटर दावं उरतं, मग त्याचंही पाव वर्तुळ मिळवायचं का? नाही. त्या पट्टीतल्या कुठल्याही जागी शेळी दुसऱ्या बाजूने सरळ गेली तर दावं कमीच लागतं, कारण त्रिकोणाची एक बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा मोठी नसते. म्हणून तिथे नवं गवत मिळत नाही.

प्रत्यक्षात मोजणार असाल तर लांबी कोपऱ्यापासून शेळीच्या तोंडापर्यंत धरा. १२ मीटरच्या आसपास गाठीत १० सेंटिमीटर गेले तरी जवळपास ७.५ चौ.मी. गवत कमी होतं, म्हणजे आपण इतक्या कष्टाने वजा केलेल्या तुकड्याच्या दुप्पट.