केळीवरचा करपा आणि पत्त्यातली टक्केवारी

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवर मी लिहितो, वर्डप्रेसवर. लेखाचा पत्ता, म्हणजे त्याचा शेवटचा तुकडा (स्लग), बरेच दिवस मी मथळ्यावरून आपोआप होऊ देत होतो. ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी सुबक दिसायची. मग चोपड्याच्या एका शेतकऱ्याला करप्यावरच्या लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याचं उत्तर आलं, "हाई काय शे भाऊ?" स्क्रीनभर `%E0%A4%95` असलं काहीतरी पसरलेलं होतं.

पत्त्यात देवनागरी तशीच जात नाही. प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं, आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्ह. 'केळी'ला छत्तीस अक्षरं लागतात. वर्डप्रेस स्लगला २०० अक्षरांची मर्यादा घालतं. माझा मथळा होता 'केळीवरील करपा रोग कसा ओळखावा'. त्याची चोवीस चिन्हं, जागा धरून २२०. शेवटची तीन चिन्हं कापली गेली आणि पत्ता उरला:

```
केळीवरील-करपा-रोग-कसा-ओळख
```

इथे निदान अर्थ टिकला. दुसऱ्या मथळ्याचं काय होईल, सांगता येत नाही.

मग लिप्यंतर करणारं प्लगिन लावून पाहिलं. त्याने `kelivarila-karapa-roga` दिलं. प्रत्येक व्यंजनातला 'अ' ते इमानाने लिहितं, पण असं कुणी वाचतही नाही आणि टाइपही करत नाही. जळगावचं `jalagava` होतं, हे तर पाहवत नाही. म्हणून आता हाताने लिहितो: `keli-karpa`. गावांची नावं रेल्वे स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत असतात तशीच, `jalgaon`, `raver`.

रोमन लिपीत ळ आणि ल एकच होतात, त्यामुळे `keli` म्हणजे केळी की केली, हे शेजारच्या शब्दावरून कळावं लागतं. पिकाचं नाव पुढे ठेवण्याचं दुसरं कारण कांदा. त्यावरही करपा येतो. नुसतं `karpa` ठेवलं असतं तर कांद्याच्या लेखाला `karpa-2` मिळालं असतं. साल मात्र घालत नाही, कारण लेख दर हंगामात सुधारतो.

गूगलला देवनागरी पत्ता चालतो. शोधणाऱ्याला दिसणारा मथळा मी देवनागरीतच ठेवला आहे, त्यामुळे त्या बाजूने देवनागरी पत्त्याला नकार द्यायचं कारण नाही. माझा वाचक शेतातून लिंक पुढे पाठवतो, कधी मेळाव्याच्या पत्रकावरून पाहून टाइप करतो, म्हणून माझं पारडं रोमनकडे झुकलं. कवितेचं संकेतस्थळ असतं तर मी कदाचित वेगळा विचार केला असता.

प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे वळवतं. तरी प्रत्येक बदलानंतर जुनी लिंक खासगी खिडकीत उघडून पाहतो. मुखपृष्ठ उघडलं किंवा 'सापडले नाही' आलं, तर रीडायरेक्ट हाताने टाकतो.