टोल टाळला, महामार्ग ठेवला: गूगल मॅप्सवरच्या एका प्रवासाचा अनुभव

ताईकडे जायचं ठरलं तेव्हा बाबांची एकच अट होती: टोलचा रस्ता नको. पैशांपेक्षाही नाक्यावरच्या रांगेत गाडी पुढेमागे करत राहणं त्यांना सोसत नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच मी गूगल मॅप्स उघडून बसलो.

ताईचा पत्ता टाकून Directions दाबलं. निघण्याच्या ठिकाणाशेजारी तीन टिंबं असतात, त्यात Options आहे. तिथे टोल, महामार्ग आणि फेरीबोट टाळण्याचे वेगवेगळे पर्याय मिळतात. फोनच्या इंग्रजीनुसार कुठे Avoid highways दिसतं, तर कुठे Avoid motorways.

रात्री अकराला रस्ते मोकळे असतात, त्यामुळे तेव्हा दिसणारी वेळ सकाळच्या प्रवासाला लावण्यात अर्थ नव्हता. त्याच तीन टिंबांमध्ये निघण्याची वेळ ठरवता येते, तिथे सकाळचे सहा टाकले. मग ॲप ठाम आकडा न देता अंदाजाची पट्टी दाखवतं, इतक्यापासून इतक्यापर्यंत. मला तीच जास्त प्रामाणिक वाटते.

काहीच न टाळता साधारण पावणेतीन तास दिसत होते. फक्त Avoid tolls चालू केल्यावर साडेतीन झाले. सोबत महामार्गही टाळून पाहिला, तर वेळ पाच तासांच्या जवळ गेली आणि नकाशावरची रेघ गावागावांतून वळणं घेत निघाली. टोल टाळणं आणि महामार्ग टाळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे डोळ्यांना दिसतं. बिनटोलाचे महामार्ग असतातच, आणि दुसरं बटण दाबलं की तेही हातचे जातात. बाबांना पाऊण तास जास्त चालणार होता, दोन तास नाही. महामार्गाचं बटण मी बंद केलं.

तरी रेघेवरून बोट फिरवत पूर्ण रस्ता एकदा पाहून घेतला. टाळणे म्हणजे बंदी नव्हे. बिनटोलाचा रस्ताच नसेल, किंवा असला तरी फार वेडावाकडा असेल, तर ॲप टोलचा रस्ताही सुचवतं. म्हणून मार्गाच्या तपशिलात टोलचा उल्लेख आहे का, एवढं बघायचंच. आमच्या मार्गावर तो नव्हता.

सकाळी Start दाबल्यावर बाबा मागून म्हणाले, "ताईला कळव, किती वाजता पोहोचतोय ते." वेळ टाइप करून पाठवली की पहिल्या कोंडीतच ती शिळी होते. त्याऐवजी खालची पट्टी वर ओढून Share trip progress निवडलं आणि ताईला लिंक पाठवली. हा पर्याय दिशादर्शन सुरू झाल्यावरच मिळतो. त्याआधी नुसता मार्ग शेअर केला तर समोरच्याला फक्त रस्ता मिळतो, आपण कुठे आहोत हे कळत नाही. ताईने लिंक फोनच्या ब्राउझरमध्ये उघडली. तिला आमची गाडी, मार्ग आणि पोहोचण्याची वेळ दिसू लागली, आणि ती वेळ आपोआप बदलत राहिली.

वाटेत थांबलो तेव्हा दिशादर्शन बंद केलं नाही. Exit दाबलं की शेअरिंगही तिथेच संपतं, पुन्हा Start करून नव्याने पाठवावं लागतं. आम्ही थांबणार आहोत हे ॲपला आधी माहीत नसतं, त्यामुळे पोहोचण्याची वेळ आपण उभे असताना मिनिटामिनिटाने पुढे सरकते. ताईचा फोन आलाच: "अरे, वेळ का वाढतेय? कुठे अडकलात?" थांबतोय असं एका ओळीत कळवलं असतं तर तिचा जीव टांगणीला लागला नसता.

पुढे एका पट्ट्यात नेटवर्क गेलं. आवाजी सूचना चालू राहिल्या, कारण मार्ग आधीच फोनमध्ये उतरलेला होता. ताईच्या पडद्यावर मात्र आम्ही शेवटच्या ठिकाणी थिजून उभे. लिंकवर ठिपका हलत नसेल तर गाडी बंद पडली असं लगेच धरू नये, शेवटची नोंद किती जुनी आहे ते बघावं.

ताईच्या इमारतीपाशी पोहोचताच ॲपने पोहोचल्याचं जाहीर केलं आणि शेअरिंग आपोआप बंद झालं. गाडी लावायला जागा शोधण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो. ताई खाली येऊन उभी आणि आम्ही अजून इमारतीला फेऱ्या मारतोय, असं झालं.

रात्री Options उघडून टोलचं बटण बंद केलं. ते चालू राहिलं तर पुढच्या घाईच्या प्रवासातही ॲप लांबचाच रस्ता दाखवू शकतं, आणि वेळ एवढी का लागतेय ते लवकर लक्षात येत नाही.