आठ दिवसांचं 'बघू'

"शनिवारी रात्री सराफ्यात येतेस? भुट्ट्याचा कीस खाऊ. फक्त आपण दोघं." त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "बघू." त्या शब्दाची चीड मला अजून येते.

इंदूरमध्ये एका औषध वितरकाकडे मी बिलिंगला आहे, तो डिस्पॅचला. रोज संध्याकाळी चलन आणि बिल जुळवल्याशिवाय दोघांनाही घरी जाता येत नाही. त्याच्याशी वाकडं नको, म्हणून मी कारणं देत राहिले. शनिवारी मावशीकडे जायचंय म्हटलं, तर तो म्हणाला, "मग रविवारी." आईला बरं नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने खरोखर काळजीने विचारलं, "ताप उतरला का?" आई तर ठणठणीत होती. मला फार लाज वाटली. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बघतो. त्यात त्याची चूक नव्हती, त्याला नकार मिळालेलाच नव्हता.

आठव्या दिवशी, शनिवारी, सुट्टी झाल्यावर गेटजवळच्या चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं. मध्ये रविवार मिळेल असा दिवस मुद्दाम निवडला होता. म्हटलं, "तू विचारलंस ते बरं वाटलं, पण मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही, म्हणून मी येणार नाही. आईचं मी खोटं सांगितलं, त्याबद्दल माफ कर." 'सध्या' हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. त्या शब्दाने त्याला पुन्हा वाट बघायला लावलं असतं. तो ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे. आधीच सांगायचं होतंस." मी चहाचे पैसे दिले आणि निघाले. समजावत बसले नाही.

सोमवारी त्याने चलनं शिपायाच्या हाती पाठवली. एका चलनात बॅच नंबर चुकला होता. मी ते घेऊन स्वतः त्याच्या टेबलाशी गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "हा नंबर जुळत नाहीये, बघ ना." त्याने खोक्यावरचा नंबर वाचला, मी लिहून घेतला. जास्तीचं गोड बोलले नाही, त्याचा पुन्हा वेगळा अर्थ निघाला असता. गुरुवारपासून चलनं तोच आणायला लागला.

एक राहिलंच. ऑफिसात मी कोणालाही सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी दोनदा खोदून विचारलं, तरी नाही. चार लोकांत चर्चा झाली असती, तर त्याला मान वर करून माझ्या टेबलाशी येता आलं नसतं.

पण स्पष्ट नकारानंतरही कोणी मागे लागलं, तर गप्प राहू नका. तारखा आणि मेसेज जपून ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. मला ती वेळ आली नाही. काल चलन देताना त्यानेच विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?" आणि आम्ही दोघंही हसलो.